पाण्याखाली उघडलेली बाटली

श्रोतेहो, आज मी आपणांस एका काचेच्या बाटलीची हकीगत सांगणार आहे. ही बाटली १८०४ साली पॅरिस शहरात पाण्याखाली धरून उघडण्यात आली. उघडताच पाणी आत शिरले आणि सुमारे निम्मी बाटली भरून थांबले. पाहणाऱ्यांस त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. परंतु पाणी निम्म्यापर्यंतच का चढले, पाव किंवा पाऊण का नाही, या प्रश्नाचे उत्तर ज्यास बरोबर मांडता येईल, त्यास वायूंचा एक संपूर्ण नियम समजला असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय त्या उत्तरावर त्या काळच्या एका मोठ्या वादाचा निकाल अवलंबून होता.

वाद असा होता. आपण जमिनीवर जी हवा श्वासावाटे घेतो, तीच हवा वर उंचावरही असते काय? हायड्रोजन वायू हवेहून पुष्कळ हलका. तेव्हा तो वरच्या थरांत साचलेला असावा आणि प्राणवायूचे प्रमाण तेथे निराळे असावे, असा तर्क काही शास्त्रज्ञ करीत. तर्काचा निकाल तर्काने लागत नाही. कोणी तरी वर जाऊन तेथील हवा खाली आणणे अवश्य होते.

हे काम गे-ल्युसॅक या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने अंगावर घेतले. २४ ऑगस्ट १८०४ रोजी तो बियो या आपल्या सहकाऱ्यासह विमानातून, म्हणजे हायड्रोजन भरलेल्या फुग्यातून, एकदा वर जाऊन आला होता. परंतु दोघांच्या भाराने फुगा पुरेसा चढला नाही. म्हणून १६ सप्टेंबर रोजी तो एकटाच निघाला आणि ७०१६ मीटर उंचीपर्यंत पोहोचला. निघताना जमिनीवर शतमान उष्णतामापकाचा पारा २७.७५ अंशांवर होता आणि वायुभारमापकातील पाऱ्याचा स्तंभ सुमारे ७६.५ सेंटिमीटर होता. अगदी वर उष्णतामान शून्याखाली ९.५ अंश झाले आणि पाऱ्याचा स्तंभ ३२.८८ सेंटिमीटरांवर उतरला. म्हणजे हवेचा दाब निम्म्याहूनही कमी झाला, आणि उन्हाळ्यातून निघालेला मनुष्य काही तासांत हिवाळ्याच्याही पलीकडे गेला.

त्याने बरोबर काचेच्या बाटल्या नेल्या होत्या. त्यांतील हवा पॅरिसमध्येच पंपाने काढून घेऊन तोट्या बंद केल्या होत्या. ६५६१ मीटर उंचीवर त्याने एक बाटली उघडली व ६६३६ मीटरांवर दुसरी. रिकाम्या बाटलीत बाहेरची हवा आपोआप शिरली. तोटी पुनः बंद केली. आणि हा ऐवज घेऊन तो रूआँ शहराच्या बाजूस एका खेड्याजवळ सुखरूप उतरला.

आता श्रोत्यांनी एका शंकेकडे लक्ष द्यावे. बाटलीची तोटी थोडी जरी सैल असेल, तर काय होईल? वरून आणलेली हवा विरळ, तिचा दाब कमी. बाहेरची पॅरिसची हवा दाट. सूक्ष्म फटीतून ती आत शिरेल आणि वरच्या हवेत मिसळेल. मग पृथक्करण कितीही काळजीने केले तरी पृथक्करण व्हायचे ते पॅरिसच्याच हवेचे. "वरची हवा खालच्यासारखीच आहे" असे उत्तर आले तर प्रतिपक्ष म्हणणार, "असणारच! ती खालचीच आहे." तेव्हा पृथक्करणाच्या आधी बाटलीची साक्ष काढणे भाग होते. ती साक्ष म्हणजेच पाण्याखाली तोटी उघडणे. बाटली गळकी असेल तर आतला दाब बाहेरच्या एवढाच झालेला असणार व पाणी आत शिरणारच नाही. ती थोडीशी गळकी असेल तर पाणी थोडे कमी शिरेल. मग निर्दोष बाटलीत पाणी नेमके किती शिरावे? हे ठाऊक असल्यावाचून कमीजास्त ठरविणार कसे? येथे हिशेबाची गरज पडते.

या हिशेबात तीन गोष्टी एकदम बदलतात, हीच त्यातील मेख आहे. वरच्या हवेचा दाब निराळा, उष्णतामान निराळे, आणि खाली आणल्यावर ती किती जागा व्यापील, ते आकारमानही निराळे. दोन गोष्टींचे नियम पूर्वी ठाऊक होते. उष्णतामान कायम असता दाब जितपट वाढेल तितपट आकारमान घटते, हे रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली प्रसिद्ध केले होते. दाब कायम असता उष्णतेने सर्व वायू सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, हे खुद्द गे-ल्युसॅकने १८०२ साली दाखविले. त्याच्या मापाप्रमाणे बर्फाच्या उष्णतामानावरील १०० भाग वायू उकळत्या पाण्याच्या उष्णतामानावर १३७.५ भाग होतो. म्हणजे दर अंशास मूळ आकारमानाचा सुमारे २६७ वा हिस्सा वाढतो.

या दोन नियमांची सांगड एकाच समीकरणात क्लापेरॉन या फ्रेंच इंजिनियराने १८३४ साली घातली. त्याने लिहिले की, दाब व आकारमान यांचा गुणाकार हा २६७ अधिक उष्णतामान या बेरजेच्या प्रमाणात बदलतो. आपल्या सोयीसाठी ते असे लिहू:

दाब × आकारमान ÷ केवल उष्णतामान = कायम संख्या

"केवल उष्णतामान" म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कारण बहुतेक चुका येथेच होतात. शतमान मापकाचे शून्य हे बर्फ वितळण्याचे ठिकाण आहे. ते आपण सोयीसाठी निवडले. त्या ठिकाणी वायूची उष्णता संपत नाही, की आकारमानही शून्य होत नाही. गावाच्या वेशीवर मैलाचा पहिला दगड रोवला म्हणून रस्ता तेथूनच सुरू होतो असे नाही. तसेच हे आहे. वजाबाकी करावयाची असेल तर शून्य कोठेही धरा, अंतर तेच निघते. परंतु पट काढावयाची असेल, म्हणजे एका संख्येस दुसरीने भागावयाचे असेल, तर शून्य खऱ्या आरंभस्थानीच पाहिजे. वायूचे आकारमान दर अंशास बर्फबिंदूवरील आकारमानाच्या २६७ व्या हिश्श्याने घटत गेले, तर शून्याखाली २६७ अंशांवर काहीच उरू नये. प्रत्यक्षात त्याआधीच वायू द्रवरूप होतात. पण मोजणीचे आरंभस्थान म्हणून ते ठिकाण बरोबर उपयोगी पडते.

२६७ हा आकडा मात्र पुढे टिकला नाही. १८३० ते १८५० या काळात रुडबर्ग, मॅग्नस आणि रेन्यो यांनी वायू अधिक काळजीपूर्वक कोरडे करून मापे घेतली, तेव्हा १०० भागांचे १३७.५ नव्हे, तर सुमारे १३६.६ होतात असे ठरले. म्हणजे हिस्सा २६७ वा नसून २७३ वा. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धीस आलेला शास्त्रज्ञ, याने १८४८ साली कोणत्याही विशिष्ट वायूवर न विसंबणाऱ्या केवल मापाची कल्पना मांडली व १८५४ साली तीस आजचे रूप दिले. त्याच्या नावाचे एकक आज आपण वापरतो. शतमान अंशांत २७३.१५ मिळविले की केल्विन होतात. १९६७ सालापासून नुसते "केल्विन" म्हणतात. "अंश" हा शब्द लावीत नाहीत.

आता बाटलीकडे वळू. हिशेब सोपा व्हावा म्हणून बाटली १००० घन सेंटिमीटरांची धरू आणि ती सर्वांत उंच ठिकाणी, म्हणजे ७०१६ मीटरांवर, भरली असे समजू. थोड्या खालच्या उंचीमुळे काय फरक पडतो तो मागाहून पाहू. लेखणी उचलण्यापूर्वी दोन्ही उष्णतामाने केल्विनमध्ये लिहून घ्यावी. वरचे उणे ९.५, त्यात २७३.१५ मिळविले की २६३.६५ केल्विन. खालचे २७.७५; त्यात २७३.१५ मिळविले की ३००.९० केल्विन. दाब दोन्हीकडे पाऱ्याच्या सेंटिमीटरांतच आहेत. त्यांचे रूपांतर करण्याचे कारण नाही. दाबाची फक्त पट लागते, आणि पाऱ्याच्या स्तंभाचे शून्य हे खरोखरच दाबाचे शून्य असते. म्हणून तेथे एकक कोणतेही चालते, मात्र दोहींकडे एकच पाहिजे. उष्णतामानाला ही सवलत नाही.

हिशेब दोन पायऱ्यांनी करावा. पहिली पायरी दाबाची. दाब ३२.८८ वरून ७६.५ वर गेला, म्हणजे हवा दबली व आकारमान घटले. १००० ला ३२.८८ ने गुणून ७६.५ ने भागले की ४३० घन सेंटिमीटर येतात. दुसरी पायरी उष्णतामानाची. हवा तापली, म्हणून ती फुगली. ४३० ला ३००.९० ने गुणून २६३.६५ ने भागले की सुमारे ४९० घन सेंटिमीटर येतात. प्रत्येक पायरीस "येथे आकारमान वाढावे की घटावे?" असा प्रश्न मनास विचारला, तर अपूर्णांक उलटा मांडण्याची चूक होत नाही. ४९० घन सेंटिमीटर हवा राहिली, तर उरलेली ५१० घन सेंटिमीटर जागा पाण्याने भरेल. म्हणजे निम्मी बाटली. गे-ल्युसॅकच्या बाटल्यांत प्रत्यक्ष तेच घडले.

आता हाच हिशेब चुकीने केला तर काय झाले असते ते पाहा. मी वर्गात फळ्यापुढे उभा राहून या चुका इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्या मला ओळखीच्या पाहुण्यांसारख्या वाटतात.

पहिली चूक उष्णतामान विसरण्याची. एकट्या बॉइलच्या नियमाने हवा ४३० राहते व पाणी ५७० शिरले पाहिजे. प्रत्यक्ष ५१० च शिरलेले पाहून असा हिशेबी म्हणेल, "साठ घन सेंटिमीटर हवा कोठून तरी आत आली, बाटली गळकी आहे, प्रयोग रद्द." निर्दोष बाटली अशा रीतीने गुन्हेगार ठरेल, आणि दोष मात्र हिशेबाचा!

दुसरी चूक शतमान अंश तसेच वापरण्याची. २७.७५ ला उणे ९.५ ने भागले की उत्तर ऋण येते. ऋण आकारमानाची हवा कोणी पाहिली नाही. म्हणून ही चूक स्वतःच ओरडून सांगते. फॅरनहाइट अंश घेतले तर फसगत जरा अधिक, कारण तेथे दोन्ही संख्या धन आहेत, सुमारे ८२ व १५. भागाकार साडेपाच येतो आणि हजार घन सेंटिमीटरांच्या बाटलीतील हवा दोन हजारांवर जाते. उत्तर धन आहे खरे, पण बाटलीत मावत नाही. उलट फॅरनहाइट अंशांत ४५९.६७ मिळवून भागाकार केला, तर तो केल्विनमधल्या भागाकाराशी तंतोतंत जुळतो; कारण दोन्ही मापांचे आरंभस्थान मग एकच होते.

तिसरी चूक सर्वांत लबाड आहे. उणे चिन्ह नजरेतून सुटते आणि विद्यार्थी ९.५ मध्ये २७३.१५ मिळवून २८२.६५ लिहितो. आता उत्तर ऋण नाही, अवास्तवही नाही. हवा ४५८ व पाणी ५४२. पाहता पटण्यासारखे, पण खोटे. हिच्यावर एकच तोड आहे. रूपांतर केल्यावर दोन्ही संख्यांची वजाबाकी करून पाहावी. शतमानात अंतर ३७.२५ होते, केल्विनमध्येही ३००.९० उणे २६३.६५ म्हणजे ३७.२५ च आले पाहिजे. न आल्यास चिन्ह हरवले आहे असे समजावे. अंतर दोन्ही मापांत तेच राहते. म्हणून अंतरात २७३ मिळविणे हीही चूकच होय.

या तीन चुकांच्या शेजारी क्लापेरॉनचा जुना आकडा ठेवून पाहा. २७३.१५ ऐवजी २६७ घेतले तर हवा ४९० ऐवजी ४९२ येते. हजारांत अवघा दोनांच्या आतला फरक! आणि २७३.१५ ऐवजी नुसते २७३ घेतले तर फरक एक दशांश घन सेंटिमीटराहूनही कमी. यावरून काळजी कोठे खर्च करावी हे कळते. दशांशावरील पंधरा विसरल्याने या प्रश्नात काही बिघडत नाही. एक आडवी रेघ विसरल्याने मात्र निकाल फिरतो.

अर्थात ५१० हा आकडा शेवटच्या घन सेंटिमीटरापर्यंत खरा मानू नये. बाटल्या माथ्यावर नव्हे, तर चारशेपाचशे मीटर खाली भरल्या. तेथे दाब किंचित अधिक, म्हणून हवा किंचित जास्त उरणार. बाटलीतली हवा पाण्याशी लागली की तीत बाष्प शिरते, आणि २७.७५ अंशांवर संपृक्त बाष्पाचा दाब पाऱ्याच्या सुमारे २.८ सेंटिमीटर असतो. तितका भाग ७६.५ मधून वजा करून ७३.७ धरला, तर वायूने व्यापलेली जागा ४९० वरून सुमारे ५०९ होते. याउलट, मी निघण्याच्या वेळचे उष्णतामान खालचे म्हणून धरले आहे. बाटली उघडते वेळी प्रयोगशाळा दहा अंशांनी थंड असेल तर हवा सुमारे १६ घन सेंटिमीटर कमी होईल. आणखी असे की, पाणी आत शिरल्यावर आतली व बाहेरची पातळी एक करूनच माप घ्यावयास हवे. पातळी उंचसखल असेल तर आतला दाब बाहेरच्या एवढा नसतो. आणि तोटी उघडण्यापूर्वी बाटली खोलीच्या उष्णतामानावर येऊ दिली पाहिजे. आतल्या हवेचे उष्णतामान एक व मापकाचे दुसरे असेल तर कोणतेही समीकरण उपयोगी पडत नाही. हे फरक काही वाढविणारे, काही घटविणारे. ते सर्व जमेस धरूनही उत्तर निम्म्याच्या आसपासच राहते. म्हणून "निम्मी बाटली" हीच त्या प्रयोगाची प्रामाणिक भाषा होय.

याच भागाकाराची दुसरी बाजू गे-ल्युसॅकच्या डोक्यावर तरंगत होती. हजार घन सेंटिमीटर हवा खाली आणल्यावर जर ४९० होते, तर खालचा हजार भाग हायड्रोजन वर गेल्यावर दोन हजारांहून अधिक होणार. फुगा खाली गच्च भरून तोंड बंद केले तर तो वर फुटल्यावाचून राहत नाही. २७ ऑगस्ट १७८३ रोजी शार्ल याने पॅरिसहून सोडलेला, माणसांवाचूनचा हायड्रोजनचा फुगा गोनेस गावी फाटून पडला, आणि गावकऱ्यांनी भिऊन त्याच्यावर हत्यारे चालविली. म्हणून माणसांच्या फुग्याचे खालचे तोंड उघडे ठेवतात, व जास्तीचा वायू तेथून निघून जातो.

बाटलीने साक्ष दिल्यावर गे-ल्युसॅकने तीतील हवेचे पृथक्करण केले. प्राणवायू पॅरिसच्या हवेइतकाच, शंभरांत सुमारे एकवीस भाग निघाला. हायड्रोजनचा पत्ता लागला नाही. सात हजार मीटरांपर्यंत हवा विरळ होते, थंड होते, पण तिचे घटक त्याच प्रमाणात राहतात, हे ठरले. आज आपणांस ठाऊक आहे की, वारे व उलथापालथ यांमुळे सुमारे शंभर किलोमीटरांपर्यंत हे मिश्रण एकसारखे राहते, आणि हलके वायू वेगळे होऊ लागतात ते त्याच्याही वर. तेव्हा जुना तर्क अगदीच निराधार नव्हता. त्याने उंची मात्र फार कमी धरली होती.

श्रोतेहो, आपल्या मुलाच्या वहीत दाब, आकारमान व उष्णतामान तिन्ही बदलणारे उदाहरण दिसले, तर त्याजकडून प्रथम दोन्ही उष्णतामाने केल्विनमध्ये लिहून घ्या आणि त्यांची वजाबाकी करवून पाहा. ती जुळली की मगच त्याला भागाकारास बसवा.